विषयान् की विषयात्

पणजोबांची गीता मी पेटीतून बाहेर काढली ती ऐन श्रावणात, आणि पहिली चूक तिथेच झाली. म्हार्दोळच्या आमच्या घरात श्रावणात पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे शंभरेक वर्षं जुन्या कागदाची काय कथा! पानं लाटांसारखी वळलेली, कडा कसरीने कुरतडलेल्या, आणि सगळीकडे तपकिरी बुरशीचे ठिपके. सुरुवातीची चार पानं गेलेली असल्यामुळे पुस्तक कोणी आणि कधी छापलं ते कळायला मार्ग नाही. वर ठळक खिळ्यांत श्लोक, खाली बारीक टायपात मराठी अर्थ. समासात पणजोबांनी पेन्सिलीने केलेल्या टिपा.

मला त्या टिपांसकट पुस्तकाची संगणकीय प्रत करायची होती. चित्रं काढून ठेवली की काम झालं असं नव्हतं, मजकूर शोधता यायला हवा होता. त्यामुळे स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टंकित मजकूर करणारी प्रणाली, चालवायची असं ठरलं.

हे ऐकून चुलतभाऊ म्हणाला, "अरे, गीता इंटरनेटवर हजार ठिकाणी आहे, तिथून चिकटव की." प्रश्न रास्त होता. पण गीतेतही पाठभेद आहेत. पहिल्या अध्यायातल्या आठव्या श्लोकाचा शेवट बहुतेक ठिकाणी "सौमदत्तिस्तथैव च" असा असतो, आमच्या पुस्तकात मात्र "सौमदत्तिर्जयद्रथः" आहे. हा पाठही जुना आणि माहितीतला आहे. तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही प्रतींत "प्रकृतिं पुरुषं चैव" हा अर्जुनाचा प्रश्न असतो आणि श्लोकसंख्या 701 होते, काहींत तो नसतो. तयार मजकूर चिकटवला तर ती इंटरनेटवरची गीता झाली, पणजोबांची राहिली नाही. मला पानावर काय छापलं आहे ते हवं होतं.

पहिल्या खेपेला स्कॅन करड्या रंगात केलं. ते वाया गेलं. बुरशीचा ठिपका शिरोरेषेवर पडला की अनुस्वार होतो, आणि अक्षराच्या उजवीकडे दोन पडले की विसर्ग. मग सगळं पुन्हा रंगीत स्कॅन केलं, इंचाला 400 ठिपके या दराने, आणि चित्राचा फक्त लाल घटक घेतला. तपकिरी डाग लाल घटकात जवळजवळ कागदाइतके फिके होतात आणि काळी शाई काळीच राहते. सगळे डाग गेले नाहीत, पण बरेच गेले. नंतर टेसरॅक्ट हे मोफत साधन संस्कृतच्या नमुन्यासह चालवलं:

```
tesseract pan-031.png pan-031 -l san --psm 6
```

निकाल पाहून मी खूश झालो. वाचताना बहुतेक सगळं बरोबरच वाटत होतं. माझी पिढी गीता अर्धी पाठ असलेली. डोळा अक्षरं वाचतच नाही, आठवणीतला श्लोक पानावर पसरवून पुढे जातो. म्हणून ज्याला काहीच पाठ नाही असा तपासनीस हवा होता.

त्याआधी एक साधं काम केलं: मजकुरात किती वेगवेगळी चिन्हं आली आहेत त्यांची मोजणीसह यादी काढली. देवनागरी गीतेत इंग्रजी एस आणि पाचाचा आकडा निघाले. दोन्ही अवग्रहाच्या, म्हणजे ऽ या चिन्हाच्या, जागी बसले होते. विसर्गाच्या जागी शेकडो ठिकाणी विरामचिन्हातला अपूर्णविराम होता. `ः` आणि `:` पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि दुसऱ्याला अक्षराचं काही वजन नाही. ही शुद्धी न करता पुढे गेलो असतो तर पुढचं सगळं माप खोटं निघालं असतं.

मापाची कल्पना आत्याची. ती निवृत्त संस्कृत शिक्षिका. संध्याकाळी ओसरीवर बसून मी प्रत मोठ्याने वाचत होतो आणि ती वाती वळत होती. "योगस्थः कुरुं कर्माणि," मी वाचलं. हात न थांबवता ती म्हणाली, "अडखळलास."

"अनुस्वार आहे ना गं इथे."

"असेल. पण पाचवं अक्षर जड झालं." आणि तिने शाळेत शिकवायची ती ओळ म्हटली: "श्लोके षष्ठं गुरु ज्ञेयं सर्वत्र लघु पञ्चमम्। द्विचतुष्पादयोर्ह्रस्वं सप्तमं दीर्घमन्ययोः॥"

गीतेतले बहुतेक श्लोक ज्या छंदात आहेत त्या अनुष्टुभाचा सगळा कायदा या दोन ओळींत आहे. आठ अक्षरांचे चार चरण. प्रत्येक चरणात पाचवं अक्षर लघु आणि सहावं गुरु. सातवं मात्र दुसऱ्या-चौथ्या चरणात लघु, पहिल्या-तिसऱ्यात गुरु. अक्षर दीर्घ असलं, त्यावर अनुस्वार किंवा विसर्ग असला, किंवा त्याच्यापुढे जोडाक्षर आलं की ते गुरु, एरवी लघु. "कुरु"तला रु पाचवा आहे. बुरशीच्या एका ठिपक्याने त्याचं "कुरुं" झालं होतं. शब्दकोशाला हे कधीच सापडलं नसतं, कारण "कुरुम्" हे कुरुराजाचं नाव द्वितीयेत अगदी शुद्ध आहे. छंदाला मात्र लगेच कळलं.

आत्याचा कान मी त्या रात्री काही ओळींत बसवला:

```python
import re
AKSHAR = '(?:[क-ह]्)*(?:[क-ह](?!्)|[अ-औ])[ा-ौ]?[ंः]?(?:[क-ह]्(?![क-ह]))*'
def maap(s):
    s = re.sub('[ऽ।॥ ]', '', s)
    a = re.findall(AKSHAR, s)
    r = ''
    for x, y in zip(a, a[1:] + ['']):
        guru = re.search('[आईऊएऐओऔाीूेैोौंः]|्$', x) or re.match('[क-ह]्', y)
        r += 'G' if guru else 'L'
    return r
```

G म्हणजे गुरु, L म्हणजे लघु. श्लोकार्ध द्यायचा, सोळा अक्षरं आली तर आठावर तोडायची आणि प्रत्येक चरणाचं पाचवं, सहावं, सातवं अक्षर नियमाशी ताडायचं. सोळाऐवजी पंधरा किंवा सतरा आली तर ओळीत कुठेतरी हलन्त गळलाय, नाहीतर जोडाक्षर फुटलंय. अशा वेळी खूण नेमक्या जागी मात्र पडत नाही. पहिल्या चरणात एक अक्षर कमी झालं की दुसरा चरण सरकतो आणि बिचारा तोही चुकीचा दिसतो. त्यामुळे आधी अक्षरसंख्या जुळवायची आणि वजन नंतर बघायचं, हा क्रम मी एक आठवडा फुकट घालवून शिकलो.

आता दुसऱ्या अध्यायातले 62 आणि 63 हे श्लोक घेतो, कारण सगळं काही त्या चार ओळींत घडलं. ओसीआरने दिलेला मजकूर असा होता:

ध्यायतो विषयात्पुंसः सङ्गस्तेषूपजायते।
सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते॥
क्रोधाद्भवति सम्मोहः सम्मोहात्स्मृतिविभमः।
स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो बुद्धिनाशात्प्रणश्यति॥

आणि माप असं आलं:

```
2.62  GLGLLGGG    GGGGLGLG
      GGGGLGGG    GGGGLGLG
2.63  GGLLLGGG    GGGLLLLG ?
      LGGGGLGG ?  GLGGLGLL
```

दोन प्रश्नचिन्हं. पहिलं खरं निघालं. "विभ्रमः"मधल्या भ्र ची ती बारीकशी तिरकी रेघ कागदाच्या घडीत गेली होती आणि ओसीआरने "विभमः" वाचलं होतं. भ्र हे जोडाक्षर असताना त्याच्या आधीचा वि गुरु होतो, भ झाला की लघु. वि हा चरणातला सहावा, म्हणजे गुरु हवाच. चूक भ मध्ये, पण तक्रार वि ने केली! हे नेहमीचंच: जोडाक्षर फुटलं की आरडाओरड शेजारचा करतो, म्हणून खूण जिथे पडते त्याच्या एक अक्षर पुढे बघायची सवय लावून घेतली.

दुसरं प्रश्नचिन्ह "स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो" यावर. पाचवं अक्षर बु, पुढे द्धि, म्हणून गुरु. सहावं लघु. नियमाच्या नेमकं उलट. मी पान काढून भिंग लावून बघितलं. शाई स्वच्छ, शब्द बरोबर, दुसऱ्या छापील प्रतींतही तेच. मग आत्याकडे गेलो.

"ती विपुला रे," ती म्हणाली. "पहिल्या नि तिसऱ्या चरणाला ही सूट आहे. पण फुकट नाही. चौथं अक्षर गुरु पाहिजे आणि तिथेच शब्द तुटला पाहिजे. बघ, स्मृतिभ्रंशाद्, इथे थांबतोस की नाही?"

थांबत होतो. पाठ म्हणताना कायम तिथेच थांबत आलो होतो, पण का ते माहीत नव्हतं. शाळेतली ती दोन ओळींची व्याख्या सर्वसाधारण श्लोकाची आहे. विषम चरणांना अशा काही ठरीव सवलती आहेत. त्या मी प्रोग्रॅममध्ये घातल्या, पण "बरोबर" म्हणून नव्हे, वेगळ्या ढिगात. सम चरणातला नियमभंग म्हणजे जवळजवळ नक्की ओसीआरची चूक. विषम चरणातला म्हणजे शंका, पान उघडून बघायची.

आणि ज्याला प्रश्नचिन्ह पडायला हवं होतं ती पहिलीच ओळ मापातून सरळ निघून गेली. "विषयात्पुंसः". मूळ आहे "विषयान्पुंसः". आमच्या पुस्तकाच्या खिळ्यांत अर्धा न् आणि अर्धा त् यांत फरक इवल्याशा गाठीचा, आणि ती गाठ शाईने भरलेली. न्प असो की त्प, आधीचा या दीर्घच, वजनात काडीचा फरक नाही. "विषयात्" हा शब्दही शुद्ध, पंचमी एकवचन. संधीही निर्दोष, कारण प च्या आधी त् तसाच राहतो. कानालासुद्धा खटकत नाही, कारण पुढे सङ्गात्, कामात्, क्रोधात्, सम्मोहात् अशी पंचम्यांची रांगच लागली आहे. ओळीत घुसलेला चोर आणि अंगावर सगळ्यांसारखाच गणवेश.

ही चूक व्याकरणाने धरली, आणि तीही वेगळ्या वाटेने. छंदानंतरची फेरी म्हणून मी प्रत्येक श्लोकाचा अन्वय लावत होतो. क्रियापद कुठलं, कर्ता कोण, कर्म कोणतं, असं एका वहीत लिहायचं. इथे पहिल्या चरणात "ध्यायतः" आहे, म्हणजे ध्यान करणाऱ्याचा, आणि ते "पुंसः"शी, पुरुषाच्या, षष्ठीने जुळतं. ध्यान करणाऱ्याचा, पण कशाचं ध्यान? कर्माची जागा रिकामी. ध्यै हा सकर्मक धातू, त्याला द्वितीया हवी. बाकीच्या पंचम्या बघितल्या तर बहुतेकींसमोर "जायते", "भवति" अशी उपजण्याची क्रिया आहे: अमुकातून तमुक झालं. "विषयात्"समोर तसं काहीच नाही. शिवाय लगेच पुढे "तेषु" आहे, त्यांच्या ठिकाणी. "ते" म्हणजे कोण? अनेकवचनी काहीतरी आधी येऊन गेलेलं असलं पाहिजे. विषयात् एकवचनी, विषयान् अनेकवचनी. एका चुकीने दोन दोरे तुटले होते, आणि दोन्ही दोरे एकाच अक्षराकडे बोट दाखवत होते. भिंगाखाली न् ची गाठ दिसली. शाईखाली, पण होती.

व्याकरणाचं सगळंच इतकं सावकाश नव्हतं. संधीचे नियम बरेचसे यंत्राला देता येतात. गळलेले अवग्रह तसे सापडले. "सङ्गोऽस्त्वकर्मणि"मधला ऽ गेला की "सङ्गोस्त्वकर्मणि" उरतं, आणि माप तेच राहतं, कारण अवग्रहाला उच्चारच नाही. पण "सङ्गः"च्या विसर्गाचा ओ होतो तो पुढे मृदू व्यंजन किंवा अ असेल तरच. स हे कठोर व्यंजन आहे, त्याच्याआधी ओ येणारच नाही. म्हणजे मध्ये अ होता आणि तो लुप्त झाला आहे. कोशात न सापडणारा प्रत्येक शब्द घ्यायचा, त्यातल्या ओ आणि ए नंतर एकेक अवग्रह घालून बघायचा, आणि दोन्ही तुकडे ओळखीचे निघाले तर पान उघडायचं. हे छान चाललं.

जेरार ह्युए यांचं संस्कृत हेरिटेज हे संधी सोडवणारं साधनही वापरलं. तिथे मात्र जपून. संस्कृतात एक-दोन अक्षरांचे इतके शब्द आहेत की बऱ्याच चुकीच्या ओळीसुद्धा कशातरी फुटतात. साधन "फुटत नाही" म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवावा. "फुटतं" म्हणालं तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्रिष्टुभ या अकरा अक्षरी चरणांच्या छंदातल्या श्लोकांनी वेगळाच छळ मांडला. गीतेत असे 55 आहेत, त्यांतले 36 एकट्या अकराव्या अध्यायात. "वासांसि जीर्णानि यथा विहाय" हा अकरा अक्षरांचा चरण उपजाती या वृत्ताच्या साच्यात नेमका बसतो, म्हणून मी तोच साचा सगळ्यांना लावला. "न जायते म्रियते वा कदाचित्" लगेच लाल झालं: अक्षरं अकराच, पण मधलं वजन वेगळं. "आश्चर्यवद्वदति तथैव चान्यः" तर सरळ बारा अक्षरांचं. मी अर्धी दुपार एक अक्षर जास्त कुठून आलं ते शोधत बसलो. आत्याला विचारलं तर ती हसायला लागली. "व्यासांना कंपासपेटीतली पट्टी लावतोस काय? कालिदासाचा साचा आहे तो, पुढचा. गीतेचं त्रिष्टुभ त्याहून मोकळं." तेव्हापासून त्रिष्टुभाला फक्त शेवटच्या चार अक्षरांचं माप लावलं, गुरु-लघु-गुरु आणि शेवटचं काहीही, कारण तिथे तरी ती ओळ बहुधा स्थिर असते. बाकीचं डोळ्यांनी तपासलं.

दुरुस्तीचा नियम एकच ठेवला होता: छंद किंवा व्याकरण कुठे बघायचं ते सांगेल, काय लिहायचं ते पान सांगेल. प्रत्येक बदलाची वहीत नोंद, पानाच्या कातरलेल्या चित्रासह. हे कंटाळवाणं होतं, पण दोनदा कामी आलं. दोन्ही वेळा छापखान्याचीच चूक होती आणि ओसीआरने इमानेइतबारे तीच वाचली होती. एका ठिकाणी पणजोबांनी पेन्सिलीने रेघ मारून बाजूला सुधारून ठेवलेलं. मी मजकुरात छापील चूक तशीच ठेवली आणि टिपेत पणजोबांची सुधारणा दिली. जयद्रथही जागच्या जागी राहिला. "सौमदत्तिर्जयद्रथः" आणि "सौमदत्तिस्तथैव च" दोन्ही मापाला आणि व्याकरणाला सारखेच पास होतात, तिथे या तपासण्यांना मतच नाही.

चरणाचं आठवं अक्षर हीसुद्धा अशीच मूक जागा. तिथे लघु-गुरु काहीही चालतं, त्यामुळे ओळीच्या टोकाचा विसर्ग गळला तर छंद गप्प बसतो. आणि विसर्ग गळतात ते टोकालाच, कारण तिथे दंड चिकटून असतो. म्हणून ओळीच्या शेवटची सगळी अक्षरं वेगळी काढून एकाखाली एक वाचली. प्रथमेत हवा तो शब्द उघडा दिसला की पान उघडायचं.

चवथीला घरी सगळे जमले तेव्हा मी छापलेली प्रत आत्याच्या हातात दिली. छंद झाला होता, संधी झाली होती, अन्वय झाला होता. तिने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, आणि तिथेच थांबली.

"घर्मक्षेत्रे?"

घर्म म्हणजे उष्णता. आपला घाम त्याच शब्दातून आला आहे. घर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे: माप तेच, सप्तमी तीच, समास शुद्ध, कोशात शब्द हजर. उन्हाच्या मैदानात जमलेले कौरव-पांडव. इतके दिवस मी त्या ओळीवरून रोज गेलो होतो, आणि ती पाठ असल्यामुळेच मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक नवी यादी काढली. घ-ध, भ-म, ब-व, प-ष-य, न्-त् अशा दिसायला जवळच्या जोड्या घेतल्या, मजकुरातल्या प्रत्येक शब्दात त्यांची अदलाबदल करून पाहिली, आणि बदलूनही जे शब्द कोशात सापडतात तेवढेच वेगळे केले. धन-घन, भय-मय, बल-वल असे. ही यादी यंत्राला तपासता येत नाही. तो प्रत्येक शब्द पानावर जाऊन भिंगातून बघावा लागतो. ध ला शिरोरेषेपाशी फट आहे का, एवढंच बघायचं. सात अध्याय झाले आहेत. पानं आता वाळली आहेत, त्यामुळे फट लवकर दिसते.